विश्लेषण : निळी टिक आता विकत मिळते, मग ती नेमके काय सांगते?

सचिन तेंडुलकर यांच्या नावापुढची निळी टिक एप्रिल २०२३ मध्ये एका रात्रीत गेली. चाहत्यांच्या प्रश्नांना उत्तरे देताना एकाने विचारले, टिक नाही, मग तुम्ही खरेच सचिन कशावरून? सचिन यांनी उत्तरादाखल स्वतःचा फोटो टाकला आणि सध्या तरी हीच माझी निळी टिक, असे लिहिले. त्याच रात्री अमिताभ बच्चन, विराट कोहली यांच्याही टिक गेल्या होत्या. माणसे तीच होती, टिकचा अर्थ मात्र बदलला होता.

टिक सुरू कशासाठी झाली?

अमेरिकेतील बेसबॉल प्रशिक्षक टोनी ला रुसा यांच्या नावाने कोणीतरी ट्विटरवर बनावट खाते चालवत होते. त्यावरून ला रुसा यांनी २००९ मध्ये कंपनीला कोर्टात खेचले. त्यानंतर महिनाभरातच ट्विटरने खाते पडताळणी सुरू केली. ही टिक पैशाने मिळत नव्हती. खाते खरे आहे का आणि व्यक्ती सार्वजनिक जीवनात दखलपात्र आहे का, हे दोन्ही तपासले जाई. २०२१ मध्ये सरकार, कंपन्या, पत्रकार, मनोरंजन, क्रीडा आणि सामाजिक कार्यकर्ते असे गट ठरवले गेले. इन्स्टाग्राम आणि फेसबुकही वृत्तपत्रांतील उल्लेख पाहत. पैसे देऊन छापून आणलेला मजकूर त्यात धरला जात नसे.

पैसे देऊन मिळणारी टिक वेगळी कशी?

इलॉन मस्क यांनी ट्विटर घेतल्यावर ९ नोव्हेंबर २०२२ रोजी महिना ८ डॉलरमध्ये टिक मिळू लागली. दुसऱ्याच दिवशी एली लिली या औषध कंपनीच्या नावाने टिक असलेल्या बनावट खात्याने ‘इन्सुलिन आता मोफत’ असे जाहीर केले. कंपनीला खुलासा करावा लागला आणि योजना काही आठवडे थांबवावी लागली. डिसेंबरमध्ये ती परत आली तेव्हा फोन क्रमांकाची खात्री सक्तीची झाली. कंपन्यांना सोनेरी आणि सरकारी खात्यांना करडी टिक देण्यात आली. जुन्या निकषांवरच्या टिक २० एप्रिल २०२३ रोजी काढल्या गेल्या.

थोडक्यात, एक्सवरची निळी टिक म्हणजे खातेधारक वर्गणी भरतो आणि काही किमान अटी पाळतो, एवढेच. ओळखपत्र दाखवणे ही त्यासाठीची सरसकट अट नाही. मेटाने जून २०२३ मध्ये भारतात आणलेल्या ‘मेटा व्हेरिफाइड’मध्ये (तेव्हा मोबाइल अॅपवर महिना ६९९ रुपये) मात्र सरकारी ओळखपत्र लागते.

कोणाला मिळू शकते?

वाशीम जिल्ह्यातील जऊळक्याचे एखादे कीर्तनकार आहेत, असे समजू. जुन्या पद्धतीत त्यांच्याविषयी वेगवेगळ्या वृत्तपत्रांत छापून आले नसेल, तर अर्ज फेटाळला गेला असता. आता वय १८ पूर्ण असेल, खात्यावर आधीच्या पोस्ट असतील आणि दुहेरी सुरक्षा सुरू असेल, तर त्यांना मेटाची टिक मिळू शकते. अडचण नावाची येते. लोक त्यांना ‘महाराज’ म्हणून ओळखतात, पण प्रोफाइलवरचे नाव आणि फोटो ओळखपत्राशी जुळावे लागतात. टिक मिळाल्यावर नाव बदलायचे असेल, तर पडताळणी पुन्हा होते. यूट्यूबवर हिशेब वेगळा आहे : तिथे पैसे लागत नाहीत, पण अर्ज करण्यासाठी एक लाख सबस्क्रायबर हवेत.

धोका कुठे आहे?

ओळखपत्र जुळले म्हणजे माणूस तोच आहे, इतकेच कळते. तो सांगतो ते खरे आहे, हे कळत नाही. पीकविम्याचे पैसे मिळवून देतो म्हणणाऱ्या खात्यावर टिक असली, तरी तो विमा कंपनीचा माणूस ठरत नाही. शिवाय इन्स्टाग्रामवर जुनी दखलपात्र टिक आणि विकतची टिक दिसायला सारखीच असते. याच गफलतीवर युरोपीय आयोगाने बोट ठेवले. डिसेंबर २०२५ मध्ये एक्सला १२ कोटी युरोंचा दंड झाला, त्यामागे निळ्या टिकची फसवी रचना हे एक कारण होते.

मग तपासायचे कसे?

इन्स्टाग्रामवर प्रोफाइलच्या तीन टिंबांवर दाबून ‘About this account’ उघडा. खाते कधी सुरू झाले आणि कोणत्या देशातून चालते, ते तिथे दिसते. एक्सवर खाते सुरू झाल्याच्या तारखेवर दाबले की अशीच माहिती मिळते. युजरनेम किती वेळा बदलले, तेही कळते. मागच्या महिन्यात उघडलेले किंवा वारंवार नाव बदललेले ‘सरकारी’ खाते संशयास्पदच समजावे. एक्सवर सरकारी खात्याची टिक करडी असते. ‘जिल्हाधिकारी’ असे नाव आणि टिक निळी, असे दिसले तर जिल्ह्याच्या अधिकृत संकेतस्थळावरून त्या खात्याची लिंक मिळते का, ते आधी पाहावे.