नावांचा प्रवास : पूना ते पुणे

इंग्रज अंमलदारांनी पुण्याचे नाव कानी पडले तसे रोमन लिपीत उतरविले आणि ‘पूना’ रूढ झाले. १८७०च्या दशकात विल्यम हंटर यांनी स्थलनामांच्या लेखनाची एकसारखी पद्धत आखली. परंतु नकाशे, टपाल व व्यापारी कागदपत्रांत आधीच रुळलेली मोठ्या शहरांची नावे तिने बदलली नाहीत. म्हणूनच ‘पूना’ आणि ‘बॉम्बे’ अधिकृत ठरून टिकले.

असे नाव बदलण्यासाठी राज्य शासन केंद्रीय गृह मंत्रालयाकडे प्रस्ताव पाठविते. मंत्रालय रेल्वे, टपाल व भारतीय सर्वेक्षण विभागांची मते मागविते. त्याच नावाचे दुसरे गाव असून घोटाळा होईल काय, हेही पाहिले जाते. केवळ स्थानिक अभिमान हे कारण पुरेसे मानू नये, असे १९५३ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. संमती मिळाल्यावर राज्य शासन राजपत्रात अधिसूचना काढते.

मात्र त्या अधिसूचनेने सर्वच नावे बदलत नाहीत. १९९५ साली बॉम्बेचे मुंबई झाले, तरी उच्च न्यायालयाचे इंग्रजी नाव आजही ‘बॉम्बे’च आहे, ते बदलण्यास संसदेचा कायदा लागतो. पेढ्यांची नोंदलेली नावेही आपोआप बदलत नाहीत.