पुस्तक निवडावे मतांनी नव्हे, पाळीने

गेल्या पावसाळ्यात आमच्या टेबलावर एक निनावी चिठ्ठी येऊन पडली. अक्षर वळणदार होते. लिहिणाऱ्याने शाळेत फळ्यावर पुष्कळ वर्षे लिहिले असावे. मजकूर एवढाच होता, ‘फादर, वाचक मंडळात या महिन्याला जे पुस्तक ठरले आहे ते आपण थांबवावे. यापुढे पुस्तकाची निवड आपणच करून द्यावी, म्हणजे वाद राहणार नाही.’ ठरलेले पुस्तक होते दया पवार यांचे ‘बलुतं’. आम्ही ते थांबवले नाही. का थांबवले नाही, आणि यापुढेही निवड आमच्या हाती का घेणार नाही, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

अहिल्यानगर जिल्ह्यातील आमच्या धर्मग्रामात महिन्यातून एकदा, रविवारच्या मिस्सानंतर, वाचक मंडळ भरते. सभासद चौदा : तीन निवृत्त शिक्षक, चार गृहिणी, दोन धर्मभगिनी, दोन शेतकरी, एक परिचारिका, साखर कारखान्यात नोकरीला असलेला एक तरुण आणि आम्ही स्वतः. महिन्याला एक पुस्तक सर्वांनी वाचावे व त्यावर बोलावे, एवढाच नेम. परंतु चौदा माणसांच्या आवडी एका पुस्तकात मावत नाहीत. ढोबळ मानाने सातजणांना संतचरित्रे व आध्यात्मिक चिंतन रुचते, चौघांना ग्रामीण कथा-कादंबऱ्या व आत्मचरित्रे, आणि तिघांना इतिहास व प्रवासवर्णने. आम्ही पहिल्या सातांतले आहोत, हे आरंभीच कबूल करतो. म्हणजे पुढील युक्तिवाद आमच्याच सोयीचा आहे, असा आरोप कोणी करणार नाही.

पहिले वर्षभर आम्ही मतदान घेतले. तीन पुस्तके सुचवायची, हात वर करायचे, ज्याला अधिक हात ते पुस्तक घ्यायचे. यात अन्याय तो कसला, असे आम्हासही वाटत होते. परंतु वाचकहो, हिशेब करून पाहा. सात, चार आणि तीन अशी माणसे असतील, तर जानेवारीत सात जिंकतात, फेब्रुवारीत सात जिंकतात आणि डिसेंबरातही सातच जिंकतात. निम्म्या माणसांची आवड हा बाराही महिन्यांचा कायदा होतो. निवडणुकीत मताधिक्य योग्य असते, कारण तेथे एकदाच एकाला निवडायचे असते. येथे निवड दरमहा होते, आणि हरणारे दरमहा तेच असतात. असे हरणारे भांडत नाहीत. आधी ते अर्धे पुस्तक वाचून येतात, मग न वाचता येतात, मग ‘शेतात काम निघाले’ असा निरोप पाठवतात. वर्षाअखेरीस बैठकीला आठजण उरले, आणि मंडळाला मरगळ आली असे आम्ही म्हणू लागलो. मरगळ मंडळाला आली नव्हती. निवडीच्या रीतीने सहाजणांना हलकेच दाराबाहेर नेऊन ठेवले होते.

त्यानंतर आम्ही दुसरी चूक केली. कोणालाच खुपणार नाही असे पुस्तक शोधू लागलो : लहान, सोज्ज्वळ, सगळ्यांना चालेल असे. ते सगळ्यांना चालले. बैठकीत एकेकाने ‘छान आहे’ म्हटले आणि वीस मिनिटांत आम्ही चहाकडे वळलो. निवड चुकली हे ओळखण्याची आमच्या अनुभवातील खूण हीच होय. पुस्तक नावडले तर माणसे कारणे सांगतात, पाने उलटून दाखवतात, एकमेकांस अडवतात. सर्वांना बेताचे आवडलेले पुस्तक मात्र कोणाच्याही तोंडून एक वाक्य काढू शकत नाही. सर्वांची आवड सांभाळणारे पुस्तक हे बहुधा कोणाच्याच आवडीचे नसते.

मग एका सभासदाने सुचवले की, प्रत्येकाने आपापले पुस्तक वाचावे. या पद्धतीचे उत्तम उदाहरण शेजारच्या नाशकात आहे. कुसुमाग्रज प्रतिष्ठानने २००९ साली विनायक रानडे यांच्या पुढाकाराने ‘ग्रंथ तुमच्या दारी’ ही योजना सुरू केली. शंभर पुस्तकांची एक पेटी एका वस्तीतील वाचकांकडे ठेवायची, आणि काही महिन्यांनी ती दुसऱ्या वस्तीतील पेटीशी बदलायची. ज्याला जे हवे ते त्याने पेटीतून घ्यावे. वाचनाची गोडी लावण्यास याहून सुटसुटीत उपाय नाही. परंतु आमचे काम वेगळे आहे. पेटीमुळे मला माझ्या आवडीचे पुस्तक मिळते. शेजाऱ्याच्या आवडीचे पुस्तक मला वाचावे लागत नाही. आम्हास नेमके तेच हवे होते.

म्हणून आता आम्ही पाळीने निवडतो. चौदा नावांच्या चिठ्ठ्या एकदाच काढल्या आणि क्रम भिंतीवर लावला. ज्याची पाळी त्याची निवड. तीवर मतदान नाही. चौदा महिन्यांत सात पुस्तके पहिल्या आवडीची होतात, चार दुसऱ्या आणि तीन तिसऱ्या. बहुसंख्यांचा वाटा रेसभरही कमी होत नाही. त्यांचे जाते ते एवढेच की, दुसऱ्यांचा वाटा खाण्याची मुभा.

पाळी म्हणजे स्वैराचार नव्हे. निवडणाऱ्यावर तीन बंधने आहेत. त्याने ते पुस्तक स्वतः शेवटपर्यंत वाचलेले असावे. आदल्या बैठकीत त्यातील दोन पाने मोठ्याने वाचून दाखवावीत, आणि पुस्तकात कठोर वा उघडे वर्णन असेल तर ते त्याच वेळी सांगावे. तिसरे बंधन पानांचे. आम्ही एका पुस्तकाच्या सात प्रती जमवतो. काही विकत, काही वाचनालयातून, काही उसन्या. चौदा सभासदांत प्रत प्रत्येकाकडे पंधरा दिवस राहते. दोनशे पानांचे पुस्तक पंधरा दिवसांत वाचायचे तर रोज तेरा-चौदा पाने झाली. दिवाबत्तीनंतर थकलेल्या माणसाला याहून अधिक झेपत नाही. मोठे पुस्तक असेल तर त्याचा एक भाग घ्यावा, अथवा दोन महिने द्यावेत. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’चे आम्ही असेच केले. ती मुळात १९३४ ते १९३७ या काळात चार भागांत निघालेली असल्याने भागाभागाने वाचण्यास सोयीची आहेत. पहिल्या पंधरवड्यात वाचणारा बैठकीपर्यंत विसरतो, हेही आमच्या ध्यानात आले. म्हणून प्रत पुढे देताना त्याने आपले म्हणणे चार ओळींत लिहून चिठ्ठी स्वतःजवळ ठेवायची असते.

इतरांसाठी नियम एकच. एखादे पुस्तक वाचवत नसेल तर कारण न देता ते बाजूला ठेवावे. परंतु बैठकीला यावे आणि ऐकावे. स्वतः न वाचण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, दुसऱ्याला वाचू न देण्याचा कोणालाच नाही.

आता त्या चिठ्ठीकडे येतो. पाळी कारखान्यातील तरुणाची होती. ‘बलुतं’ १९७८ साली प्रसिद्ध झाले. दया पवार आपल्याच जिल्ह्यातील, अकोले तालुक्यातील धामणगावचे. महारवाड्यातील बालपण आणि मुंबईतील दिवस त्यांनी ज्या भाषेत जगले त्याच भाषेत सांगितले आहेत. ती भाषा देवघरातली नाही, हे खरे. घरात लहान मुले असल्याने पुस्तक कोठे ठेवावे, अशी काळजी एका मातेने बोलून दाखवली. ती रास्त होती. आमचे मंडळ प्रौढांचे आहे आणि प्रत कपाटात राहू शकते, असे आम्ही त्यांना सांगितले. तेवढ्याने त्यांचे समाधान झाले.

चिठ्ठीमागचे कारण मात्र निराळे असावे, असा आमचा समज आहे. या जिल्ह्यातील आपल्या पुष्कळ कुटुंबांचे पणजोबा गावकीची कामे करीत आणि सुगीला खळ्यावर आपला वाटा मागण्यास उभे राहत. ते बलुते. ती आठवण आपण शिक्षणाच्या आणि नोकरीच्या कपड्यांखाली नीट झाकून ठेवली आहे. ‘भाषा घाण आहे’ असे आपण म्हणतो, तेव्हा पुष्कळदा ‘ते दिवस काढू नका’ असेच म्हणत असतो. बैठकीत तसेच घडले. कधीही कादंबरी न वाचणाऱ्या, संतचरित्रांवर जीव असणाऱ्या एका आजींनी पुस्तक वाचले नव्हते, नुसते ऐकले होते. शेवटी त्या म्हणाल्या, ‘माझे सासरे खळ्यावरून घुगऱ्या आणायचे. आम्ही मुलांना कधी सांगितलं नाही.’ त्यांचा मुलगा शेजारीच बसला होता. तो खरोखरच प्रथम ऐकत होता. त्या दिवशी चहा थंड झाला. मतदान झाले असते तर हे पुस्तक तीन मतांनी पडले असते आणि आजींचे वाक्य त्यांच्याबरोबरच गेले असते.

‘फादरांनी निवडावे’ या सूचनेला आमचे उत्तर दोन गोष्टींचे आहे. श्रद्धावंतांनी कोणती पुस्तके वाचू नयेत याची यादी रोमने १५५९ साली काढली आणि चार शतके चालवून १९६६ साली तिचा अंमल संपवला. जे ओझे परमगुरूंनी खाली ठेवले ते एका धर्मग्रामाच्या फादरांनी उचलावे, हे आम्हास शोभणार नाही. दुसरी गोष्ट अधिक साधी आहे : आमची निवड चांगली असतेच असे नाही. आमच्या पाळीला आम्ही मोठ्या उत्साहाने फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ घेतले. १६१६ सालचा ग्रंथ, दहा हजारांहून अधिक ओव्या, आणि चारशे वर्षांपूर्वीची मराठी. पानांचे बंधन आम्हीच मोडले होते. बहुतेकांच्या प्रती पहिल्या काही पानांवर खूण ठेवून परत आल्या. परिचारिकाबाई हसून म्हणाल्या, ‘फादर, हे आम्हाला वाचायला नव्हे, ऐकायला द्या.’ त्यांचे खरे होते. नाताळापूर्वी ख्रिस्तजन्माचा भाग तेवढा मोठ्याने म्हटला, तेव्हा तो सर्वांच्या कानात उतरला. निवड कायमची आमच्या हाती असती, तर ही चूक आम्हास कोणी दाखवली असती काय?

निनावी चिठ्ठी लिहिणाऱ्यास आमची विनंती आहे की, त्यांनी भिंतीवरचा क्रम पाहावा. त्यांचे अक्षर आम्ही ओळखले असेल तर मार्च महिन्याची पाळी त्यांचीच आहे. त्यांनी जे निवडले ते आम्ही सारे वाचू. ज्याने ‘बलुतं’ निवडले तो तरुणही वाचील. त्याने तसा शब्द दिला आहे.