तीनदा ‘त्यांना’

नंदुरबार जिल्ह्यात सिकलसेलचे रुग्ण बरेच, म्हणून या आठवड्यात त्यावरच्या एका इंग्रजी पत्रकातला परिच्छेद दोन भाषांतर-यंत्रांना दिला. पहिलं म्हणालं, ‘ज्या मुलांना सिकलसेल रोग आहे त्यांना, जर त्यांना ताप विकसित झाला, तर त्यांना ताबडतोब डॉक्टरांकडे नेले जावे, जरी ते चांगले दिसत असतील.’ दुसरं म्हणालं, ‘सिकलसेल असलेल्या मुलाला ताप आला, तर ते वरवर बरं दिसत असलं तरी लगेच डॉक्टरांकडे न्यावं.’ यात दुसरं जिंकलं, वाद नाही. पहिल्याचा प्रत्येक शब्द मराठी, पण सांगाडा इंग्रजी: तीनदा ‘त्यांना’, आणि क्रियापद संपल्यावर उशिरा आलेल्या पाहुण्यासारखं मागून येणारं ‘जरी’. मराठी ‘ज्या-त्या’चं काम एका ‘असलेल्या’त उरकते. याच जिल्ह्यातल्या धडगावात तर मराठी ही बहुतेकांची घरची भाषा नाही, घरात भिली किंवा पावरी. त्यांनी हा गुंता का सोडवावा? पुढचं वाक्य मात्र वेगळं निघालं. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय फॉलिक ॲसिडची गोळी बंद करू नका, असा मूळ अर्थ. पहिल्याने तो ‘जोपर्यंत-तोपर्यंत’ करत का होईना, पोचवला. दुसऱ्याने गोड मराठीत लिहिलं, ‘डॉक्टरांनी सांगितल्यावर गोळी बंद करू नका.’ अर्थ साफ उलटा, आणि वाक्य इतकं सरळ की नजर अडखळतही नाही! म्हणून आधी इंग्रजी झाकून मराठी मोठ्याने वाचा, मग इंग्रजी उघडून प्रत्येक ‘नाही’, ‘शिवाय’ आणि आकडा ताडून बघा. मी दुसरंच निवडेन, ते एक वाक्य हाताने दुरुस्त करून.