आधी ‘नाही’ म्हणून दाखवा

“मॅडम, मी तयार आहे की नाही, हे तपासून सांगाल का?”

वीस वर्षांची मुलगी. सोलापुरातल्या एका कॉलेजात दुसऱ्या वर्षाला, खोली घेऊन राहणारी. मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे आणि असे प्रश्न मला नवे नाहीत. पण हा प्रश्न ऐकून मला संताप आला. तिचा नाही, आपल्या सगळ्यांचा. पहिल्या शरीरसंबंधाचा निर्णय डॉक्टरने तपासून सांगायचा असतो असं विसाव्या वर्षी वाटावं, इतकं अंधारात आपण या मुलीला वाढवलं.

असली कुठलीही तपासणी वैद्यकशास्त्रात नाही. पाळी साधारण बाराव्या वर्षी येते, म्हणून बारावं वर्ष तयारीचं ठरत नाही. शरीर मोठं झालेलं असतं, एवढंच त्यातून कळतं. कायद्याने तर खालची रेघ स्पष्ट आखली आहे. 2012 च्या पोक्सो कायद्यानुसार अठराच्या आत मुलीच्या किंवा मुलाच्या होकाराला अर्थच नाही. “दोघांच्या मर्जीने झालं” हे न्यायालयात उत्तर होत नाही. सतराव्या वर्षी हा प्रश्न विचारणाऱ्याला माझं उत्तर एकच असतं: थांब. खरा प्रश्न अठरा पूर्ण झाल्यावर सुरू होतो.

मी तिला विचारलं, “आत्ताच का वाटतंय गं?” तिने तीन कारणं सांगितली. खोलीतल्या दोघींचं “झालंय”. तिचा मित्र म्हणतो, प्रेम असतं तर इतका विचार केला नसतास. आणि तिसरं, खाली मान घालून सांगितलेलं: नक्की काय असतं ते बघायचंय.

पहिलं कारण ऐकून माझं डोकं तडकतं. पोरांच्या कट्ट्यावर “काय बे, अजून नाही?” विचारणारे आणि मुलींच्या खोलीत रात्री डोळे मिचकावून सांगणाऱ्या, यांतल्या कितीजणांनी ऐकीव गोष्ट स्वतःच्या नावावर खपवली, ते माझ्या खोलीत दार लागल्यावर कळतं. पाळी चुकली की त्या कट्ट्यावरचा एकही जण बाहेरच्या बाकावर बसलेला नसतो. ज्याला परिणामात वाटा घ्यायचा नाही, त्याला निर्णयात मत नाही.

तिसरं कारण मात्र मी हसण्यावारी नेत नाही. कुतूहल निकोप असतं. पण त्याला माहिती हवी असते, दुसऱ्याचं शरीर नव्हे. र. धों. कर्वे यांनी 1927 पासून 1953 मध्ये मरेपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं ते याचसाठी. खटले सोसले, दंड भरले, पण लोकांच्या प्रश्नांना साध्या मराठीत उत्तरं दिली. त्याच महाराष्ट्राने 2007 मध्ये शाळांतल्या लैंगिक शिक्षणाच्या कार्यक्रमावर बंदी घातली. उत्तर देणारी दारं आपणच लावली आणि आता मुलं मोबाइलवर नको ते बघतात म्हणून ओरडतो. माहिती मिळाल्यावरही इच्छा तितकीच राहते का, हे तपासण्याची संधीच आपण त्यांना देत नाही.

आणि सिनेमा. ‘सैराट’ आपल्या जिल्ह्याचा, करमाळ्याच्या मातीतला. 2016 मध्ये तो आला तेव्हा अख्खं सोलापूर नाचलं. नागराज मंजुळे यांना दोष द्यायचा नाही, कारण त्यांनी हैदराबादही दाखवलं: झोपडपट्टीतली खोली, घरच्या आठवणीने रडणारी आर्ची, संशय घेऊन भर रस्त्यात हात उगारणारा परश्या. दोष आपल्या बघण्याचा आहे. आपण विहीर आणि गाणी घरी नेली, हैदराबाद थिएटरातच सोडून आलो. आणि एकूणच आपल्या प्रेमपटांत नजरानजर होते, पाऊस पडतो, पुढच्या दृश्यात पोट दिसतं. मधलं संभाषण कुठेच नसतं. “तुला चालेल का? काळजी कोण घेणार? चुकलं तर?” हे कुणी कुणाला विचारत नाही. म्हणून मुलांना वाटतं, खरं प्रेम न बोलता घडतं, आणि बोलावं लागलं तर ते प्रेमच नव्हे.

मी उलट म्हणते. जे तोंडाने बोलता येत नाही, ते करायची वेळ आलेली नाही.

मी तिला दोन गोष्टी करायला सांगितल्या. पहिली, दिवसाउजेडी, चहा पिताना त्याच्याशी बोल: कंडोम कोण आणणार, आणि पाळी चुकली तर आपण काय करणार. उत्तर ऐकण्याआधी तुला स्वतःला काही माहीत हवं. बाहेर काढून घेणं हा भरवशाचा उपाय नाही. इमर्जन्सी गोळी 72 तासांत, जितकी लवकर तितकी बरी, पण ती रोजची पद्धत नव्हे आणि आजारापासून वाचवत नाही. गर्भ आणि आजार, दोन्हींपासून संरक्षण कंडोमच देतो. गर्भ राहिलाच तर 20 आठवड्यांपर्यंत अविवाहित मुलीलाही कायद्याने गर्भपात करून घेता येतो आणि अठरा पूर्ण असलेल्या मुलीला स्वतःचीच संमती पुरते. हे सगळं ऐकून पोटात गोळा आला तर तेही उत्तरच आहे.

दुसरी गोष्ट अवघड. त्याला एकदा सरळ ‘नाही’ म्हण. कारण देऊ नकोस, आजारपण सांगू नकोस. नुसतं ‘आत्ता नाही’. मग आठ दिवस बघ.

ती पंधरा दिवसांनी आली. कंडोमचं बोलल्यावर तो म्हणाला होता, “असलं बोललं की सगळा मूड जातो.” ‘नाही’ म्हटल्यावर चार दिवस फोन उचलला नाही, पाचव्या दिवशी मित्राकरवी निरोप आला, तिच्यासारख्या मुलींना नुसतं फिरवून घ्यायचं असतं. ती रडत होती. पण म्हणाली, “मॅडम, मी हो म्हटलं असतं तर हे मला नंतर कळलं असतं.” ती तपासणी तिने स्वतःच केली होती, आणि निदानही.

दुसरं जोडपंही आठवतं. पंचविशीतले, लग्न न झालेले. दोघं एकत्र आले, प्रश्न कागदावर लिहून आणले होते आणि तिच्या एचपीव्ही लशीबद्दल त्याने विचारलं. तो बोलत असताना ती मधेच म्हणाली, “नाही, हे मला अजून नको,” आणि तो लगेच थांबला, तोंड वाकडं न करता. त्यांना मी काहीही उपदेश केला नाही. त्यांना माझी गरज फक्त माहितीपुरती होती.

हे ‘नाही’ आपल्याकडे फुकट मिळालेलं नाही. अकराव्या वर्षी लग्न लावून दिलेल्या रखमाबाईंनी नवऱ्याकडे नांदायला जायला नकार दिला. 1887 मध्ये मुंबईच्या न्यायालयाने सांगितलं, नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. त्यांनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. 1888 मध्ये तडजोड झाली, पुढे त्या डॉक्टर झाल्या. शरीराच्या ज्या नकारासाठी एक बाई तुरुंगात जायला निघाली, तो नकार आज आपल्या मुली चार मैत्रिणींच्या हसण्यापायी आणि एका रुसलेल्या फोनपायी गमावतात. आणि मुलगे? त्यांना तर आपण नकाराचा हक्कच दिलेला नाही. घाबरलेल्या मुलाने थांबतो म्हटलं की तो बायल्या ठरतो.

आईबापांनो, “असलं काही करू नकोस” एवढंच सांगून तुमचं काम संपत नाही. मुलाला किंवा मुलीला घरात तुम्हाला ‘नाही’ म्हणता येतं का, ते आधी बघा. तुम्हाला नाही म्हणायला जी शिकली नाही, ती त्याला काय म्हणणार?

आणि तुम्हाला, अठरा ओलांडलेल्यांना: ‘नाही’ म्हटल्यावर जो टिकतो, त्यालाच ‘हो’ म्हणायचा विचार करा. ज्याला नकार देण्याची भीती वाटते, त्याला दिलेला होकार होकार नसतो.