अँटिबॉडीचा आकडा आणि थायरॉइडची गोळी

खानदेशात कुणाच्या गळ्याला सूज दिसली की जुनी माणसे सातपुड्याकडे बोट दाखवत. डोंगराच्या पायथ्याच्या गावांत मातीत आणि पाण्यात आयोडिन कमी, म्हणून गळा वाढतो, हे सामान्यज्ञान झाले होते आणि ते चूकही नव्हते. केंद्र सरकारने १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. २००६ पासून तर खाण्यासाठी बिनआयोडिनचे मीठ विकण्यास देशभर बंदी आहे. जळगाव-धुळ्याच्या किराणा दुकानात आज आयोडिनयुक्त मिठाची पुडी सहज मिळते. तरीही थायरॉइडच्या गोळीची बाटली घरोघरी दिसते, आणि ती बहुधा बाईच्या नावावर असते. मीठ बदलले, तरी हे दुखणे का गेले नाही?

कारण हे दुखणे दुसरेच आहे. जिथे आयोडिन पुरेसे मिळते तिथे थायरॉइड मंदावण्याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे शरीराने आपल्याच ग्रंथीवर धरलेला राग. त्याला हाशिमोटोचा आजार म्हणतात. हाकारू हाशिमोटो या तरुण जपानी शल्यविशारदाने १९१२ मध्ये चार स्त्रियांच्या काढलेल्या ग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या आणि चकित झाला. संप्रेरक बनवणाऱ्या इवल्या कोशांच्या मधोमध पांढऱ्या पेशींनी तळ ठोकला होता. कुठे कोश मोडून पडले होते, कुठे त्यांच्या जागी चिवट तंतू वाढले होते. त्याने जे पाहिले ते नेमके लिहून ठेवले, पण या पेशी तिथे कशासाठी जमल्या हे त्याला उलगडणे शक्यच नव्हते.

ते कोडे सुटायला १९५६ साल उजाडावे लागले. लंडनमध्ये डेबोरा डोनिएक, आयव्हन रॉइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा रुग्णाच्या रक्तातील द्रव आणि माणसाच्या थायरॉइडचा अर्क समोरासमोर आणला. दोन्ही जिथे भेटले तिथे पांढरट साका उतरला. रुग्णाच्या रक्तात स्वतःच्याच ग्रंथीविरुद्ध अँटिबॉडी, म्हणजे प्रतिपिंडे, होती! तोवर शरीर स्वतःवर उलटत नाही असेच बहुतेकांना वाटत होते. आज जी चाचणी ‘अँटी टीपीओ’ नावाने होते, ती या प्रतिपिंडांपैकी एकाची. टीपीओ हे आयोडिन संप्रेरकात गुंफणाऱ्या विकराचे नाव.

इथेच आपल्याकडे मोठा घोटाळा होतो. रिपोर्टमध्ये ३५ च्या आत हवा असलेला आकडा ६०० आला की घर हादरते. मग तो उतरवण्यासाठी काढे, पथ्ये, महागड्या पुड्या सुरू होतात. वास्तविक ग्रंथीची नासधूस मुख्यतः तिच्यात शिरलेल्या पांढऱ्या पेशी करतात. प्रतिपिंडे म्हणजे चोर नव्हे, चोर येऊन गेल्याची पाऊलखूण. मुंबईसह आठ शहरांतील प्रौढांची पाहणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली, तीत शंभरातील सुमारे बावीस जणांच्या रक्तात ही प्रतिपिंडे सापडली. थायरॉइड मंदावलेले मात्र शंभरात अकराच्या आसपास होते. पाऊलखूण दिसली म्हणजे घर लुटले गेलेच, असे नाही. ती एकदा पाहावी, कारण कळावे, आणि पुन्हा पुन्हा त्यावर पैसे घालू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

मग पाहायचे काय? एक उदाहरण घेऊ. ते एका बाईचे नाही, या आजारात नेहमी घडणाऱ्या गोष्टी एकत्र गुंफल्या आहेत इतकेच. समजा, अमळनेरची एक शिक्षिका आहे. वय अडतीस. दोन वर्षांत वजन पाच किलोंनी वाढले, केस गळतात, दुपारच्या तासाला उभे राहवत नाही. गळा जरा भरलेला, हाताला रबरासारखा घट्ट आणि खडबडीत लागतो. सोनोग्राफीत ग्रंथी काळसर, ठिगळे लावल्यासारखी दिसते. टीएसएच ७.४, टी४ मात्र नॉर्मल. टीएसएच ही मेंदूतल्या पीयूषिका ग्रंथीची हाक आहे; थायरॉइड कमी पडू लागली की ती आवाज चढवते. इथे हाक मोठी झाली आहे, पण ग्रंथी अजून काम उरकते आहे. अशा वेळी दोन-तीन महिन्यांनी तपासणी पुन्हा करून मगच ठरवतात. बाई गरोदर असेल वा होऊ पाहत असेल, तर मात्र थांबायचे नसते.

पुढे काय होते याचा सर्वांत भरवशाचा हिशेब इंग्लंडमधल्या व्हिकम गावाच्या पाहणीने दिला. तिथल्या लोकांची तपासणी १९७० च्या दशकात झाली आणि वीस वर्षांनी पुन्हा झाली. टीएसएच वाढलेले आणि प्रतिपिंडेही असलेल्या शंभर स्त्रियांपैकी दरवर्षी साधारण चार पूर्ण मंदावलेल्या अवस्थेत गेल्या. ही इतकी संथ वाट आहे. वर्षानुवर्षे ग्रंथी झिजत जाते, कधी सुरुवातीची सूजही उतरून ती आकसते. गळा बारीक झाला म्हणून आजार बरा झाला, असे समजण्यात अर्थ नाही.

आपल्या शिक्षिकेचे टीएसएच चार वर्षांनी १४ झाले, टी४ खाली आले. आता गोळी लागणार. ग्रंथी पूर्ण बंद पडली तर किलोमागे साधारण १.६ मायक्रोग्रॅम लागते, म्हणजे साठ किलोला शंभराच्या आसपास. तिची थोडी चालू असल्याने डॉक्टर ५० पासून सुरू करतात. सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच ६, मग गोळी ७५ ची, आणि पुढच्या तपासणीत २.३. घरात आनंदीआनंद. ‘रिपोर्ट नॉर्मल आला, आता कशाला गोळी?’ सासूबाई विचारतात, आणि गोळी बंद होते.

पंधरा दिवस काहीच होत नाही. या संप्रेरकाचा निम्मा साठा संपायलाच सुमारे आठवडा लागतो. म्हणून सगळ्यांना वाटते, बघा, गरज नव्हतीच. दोन-तीन महिन्यांनी टीएसएच पुन्हा चढलेले असते. ही गोळी तापाच्या औषधासारखी आजारावर चालून जात नाही. ग्रंथी जे बनवत नाही, तेच ती बाहेरून भरून देते. प्रतिपिंडांशी तिचे भांडण नाहीच.

गोळी नियमित घेऊनही आकडा चढला, तर डोस वाढवण्याआधी घरात पाहावे. पहाटेच्या चहाबरोबर ती गिळली जाते का? ती रिकाम्या पोटी, पाण्याबरोबर, चहाच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्यायची असते. लोहाच्या वा कॅल्शियमच्या गोळीत आणि तिच्यात चार तासांचे अंतर लागते. आपल्याकडे अ‍ॅनिमियामुळे निम्म्या घरांत लोहाची गोळी असते, म्हणून हे महत्त्वाचे. तिसरा संशयित आपला उन्हाळा! मे महिन्यात जळगावला पारा पंचेचाळीसपर्यंत जातो. या गोळीला ऊन आणि ओल दोन्ही सोसत नाहीत. खिडकीतल्या वा गॅसच्या ओट्यावरच्या बाटलीत तिचा कस उतरतो. घरातली सर्वांत गार, कोरडी जागा तिची.

आयोडिनच्या गोळ्या वा समुद्री शेवाळाची पावडर या आजारात घेऊ नये. जादा आयोडिनने ही सूज भडकू शकते. नेहमीचे मीठ मात्र सोडू नका. गलगंड परत यायचा तो तिथूनच येईल. आणि उतारवयात जुना गळा काही आठवड्यांत भराभर वाढू लागला, आवाज बसला, गिळायला त्रास झाला, तर थांबू नये. क्वचितच, पण अशा ग्रंथीत लिम्फोमा हा कर्करोग होतो.

आता ज्यांना सर्वांत घाई करायला हवी त्यांच्याविषयी. गोळी घेणाऱ्या स्त्रीला दिवस गेले की तिची गरज साधारण पाव ते तिसरा हिस्सा वाढते, आणि ती पहिल्या महिन्यांतच वाढते, जेव्हा बाळाची स्वतःची थायरॉइड कामाला लागलेली नसते आणि त्याचा मेंदू आईच्याच संप्रेरकावर घडत असतो. नाव नोंदवायला तिसरा महिना उजाडू देणे म्हणून परवडत नाही. पाळी चुकली, चाचणी होकारार्थी आली की त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करावा. आठवड्याला सातऐवजी नऊ गोळ्या, असा साधा सल्ला ते बहुधा देतात, आणि दर महिन्याला टीएसएच पाहतात. बाळंतपणानंतर गोळी जुन्या मापावर येते, सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी. आणि तेव्हा, पाळण्याच्या धांदलीत, ती तपासणी राहून जाते.