गोधडी की अंड्यांचे ट्रे? घुमणाऱ्या खोलीचा हिशोब

नवीन घरात सामान कमी असलं की फोनवर पलीकडचा माणूस हमखास म्हणतो, "अगं, तू विहिरीतून बोलतेयस का?" मुलांचा ऑनलाइन क्लास, कमी ऐकू येणाऱ्या आजोबांशी व्हिडिओ कॉल, सगळीकडे हाच त्रास. शब्द भिंतींवर आपटून परत येतात आणि पुढच्या शब्दावर चढतात. मग कुणीतरी सुचवतं, "भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवा." खरंच उपयोग होतो का? चला, मोजूनच बघू.

हे मोजमाप पहिल्यांदा नीट केलं ते वॉलेस सॅबिन या अमेरिकी प्राध्यापकाने. 1895 मध्ये हार्वर्ड विद्यापीठातल्या फॉग म्युझियमच्या नव्या व्याख्यानगृहात शब्दच कळत नव्हते, कारण आवाज सुमारे साडेपाच सेकंद घुमत राहायचा. सॅबिनने जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री तिथे आणल्या. ऑर्गनची नळी वाजवायची, थांबवायची आणि आवाज विरेपर्यंतचा वेळ घड्याळावर मोजायचा. गाद्या वाढल्या, तसा वेळ कमी झाला.

त्यातून निघालेलं सूत्र सोपं आहे. आवाज विरायला लागणारे सेकंद म्हणजे 0.161 गुणिले खोलीचं घनफळ, भागिले खोलीतलं एकूण शोषण. शोषण मोजायचं "उघड्या खिडकी"त. उघड्या खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही, म्हणून 1 चौरस मीटर खिडकीचं शोषण 1. एखादं कापड निम्मा आवाज शोषत असेल, तर त्याच्या 1 चौरस मीटरचं शोषण अर्धं.

आता 10 बाय 12 फुटांची, 10 फूट उंच खोली घेऊ. घनफळ साधारण 34 घनमीटर. फरशी, प्लास्टर, एक दार आणि बसलेला माणूस मिळून शोषण 3 धरू. उत्तर येतं सुमारे 1.8 सेकंद. बोलण्यासाठी हे फारच जास्त.

यात दोन जाड गोधड्या टांगल्या, मिळून 6 चौरस मीटर. त्या निम्मा आवाज शोषतात असं धरलं, तर शोषण 3 वरून 6 होतं आणि घुमणं निम्म्यावर, साधारण 0.9 सेकंदांवर येतं.

तेवढीच भिंत झाकायला 30 अंड्यांचे सुमारे 66 ट्रे लागतील. ट्रेचा लगदा पातळ असतो. तो "स", "श"सारखे टोकदार आवाज थोडे मऊ करतो, पण खोलीचं घुमणं ज्या जाड, खालच्या सुरांत असतं, तिथे फारसं काही करत नाही. त्या सुरांसाठी दहावा भाग शोषण धरलं, तर 1.8 चे 1.5 सेकंद होतात. एवढ्या कष्टांना हे फळ! शिवाय कागदी लगदा चटकन पेट घेतो आणि वापरलेल्या ट्रेमध्ये झुरळं येतात.

गोधडी मात्र भिंतीला चिकटवू नका, 8 ते 10 सेंटिमीटर पुढे टांगा. भिंतीला अगदी लागून हवा हलूच शकत नाही. थोडं पुढे ती जोरात हलते आणि कापडाच्या धाग्यांत घासून आवाजाची शक्ती संपते. म्हणूनच कापडातून फुंकर आरपार जायला हवी. रेक्झिन किंवा प्लास्टिकचं अस्तर चालत नाही. एकेरी साडीही पुरणार नाही, जाड थर हवेत. दिवा, शेगडी आणि विजेच्या बोर्डापासून गोधडी लांब ठेवा.

घरी तपासायचं असेल, तर रात्री पंखा बंद करा. एका फोनवर पावसाचा एकसारखा आवाज ठरावीक व्हॉल्यूमवर लावा. दुसऱ्या फोनवर ध्वनिमापक ॲप सुरू करून तो दोन मीटर लांब, ठरलेल्या जागी ठेवा. गोधडीआधी आणि नंतर पाच-पाच वेळा आकडे घेऊन सरासरी काढा. शोषण दुप्पट झालं, तर फरक जास्तीत जास्त 3 डेसिबल दिसेल. फोनचा आकडा अचूक नसतो, पण त्याच फोनवरची तुलना कामाची असते. आकडा एवढासाच हलला म्हणून निराश होऊ नका. टाळी वाजवून रेकॉर्ड करा आणि शेपटी किती लांब राहते ते ऐका, खरा फरक तिथे कळतो.

शेजारच्या टीव्हीचा किंवा रस्त्यावरच्या हॉर्नचा आवाज मात्र यातल्या कशानेच थांबणार नाही. त्याला जड भिंत आणि फटी बुजवलेली दारं-खिडक्या लागतात. गोधडी फक्त तुमच्या खोलीतलं घुमणं पिते, आणि आजोबांना तुमचं बोलणं कळायला नेमकं तेच हवं असतं.