दोष यंत्राचा की जागेचा?

सांगलीच्या एका कापड पेढीच्या दोन शाखा आहेत. मुख्य दुकान सांगलीत आणि दुसरे जयसिंगपुरात. महिनाअखेरीस कार्ड यंत्रांवरील फसलेल्या व्यवहारांची यादी पाहिली, तेव्हा सांगलीत ९० आणि जयसिंगपुरात ४८ व्यवहार फसले होते. अण्णांनी साहजिकच सांगलीची यंत्रे बदलण्याचे ठरविले.

धाकट्या सूनबाईंनी मात्र एकूण प्रयत्नांची संख्या मागविली. सांगलीत ३००० वेळा कार्ड चालविले गेले होते, जयसिंगपुरात ८०० वेळा. म्हणजे सांगलीत शेकडा ३ आणि जयसिंगपुरात शेकडा ६ व्यवहार फसले होते.

त्यानंतर त्यांनी कारणे वेगळी केली. संकेतांक ५१ म्हणजे खात्यात पुरेशी रक्कम नसणे, ५५ म्हणजे पिन चुकणे. हा दोष ग्राहकाकडचा, यंत्राचा नव्हे. असे व्यवहार वगळल्यावर सांगलीत ३० उरले, म्हणजे शेकडा १. जयसिंगपुरात ३२, म्हणजे शेकडा ४. यांतील बहुतेक व्यवहार संपर्क तुटून अर्धवट राहिलेले होते.

जयसिंगपुरात यंत्रे दोन. प्रत्येकाचा टर्मिनल क्रमांक पावतीवर टीआयडी म्हणून छापलेला असतो. त्यानुसार हिशेब मांडता, दोन्ही यंत्रांवर प्रत्येकी ४०० प्रयत्न झालेले आढळले. दारालगतच्या यंत्रावर ४ फसले, आतल्या साडी विभागातील यंत्रावर २८. त्या गल्ल्यावरील मुलाला आजवर निष्काळजीपणाबद्दल बोल लावला जात होता.

तरीही यंत्र लगेच सदोष ठरविले नाही. माणसे आपापल्या जागी ठेवून केवळ यंत्रांची अदलाबदल केली. दोन आठवड्यांत आतल्या जागी आलेल्या ‘चांगल्या’ यंत्रावर २०० पैकी १३ व्यवहार फसले. दाराशी गेलेल्या ‘वाईट’ यंत्रावर २०० पैकी २. दोष यंत्राबरोबर गेला नाही, जागेवरच राहिला. माणूस तोच होता, म्हणून शंका पूर्ण फिटली नव्हती. तिसऱ्या आठवड्यात मुलगा दाराशी बसला आणि दारावरचा गडी आत गेला. आतले व्यवहार तरीही फसतच राहिले. जाड भिंतींच्या त्या कोपऱ्यात सिमकार्डाचा संपर्कच क्षीण होता. तेथील यंत्र दुकानाच्या वायफायला जोडल्यावर प्रमाण दाराशी असलेल्या यंत्राइतकेच खाली आले. दोष यंत्राबरोबर फिरला असता, तर मात्र बँकेकडून यंत्र बदलून घेणे योग्य ठरले असते.

या पडताळणीत दोन सावधगिरी हव्यात. बँकेच्या जमा-पत्रकात केवळ यशस्वी व्यवहार असतात, आणि संपर्कच न झालेला प्रयत्न बँकेपर्यंत पोहोचतही नाही. म्हणून गल्ल्यावर वहीत नोंद ठेवावी लागते. तसेच २० व्यवहारांत २ फसले, तर तेवढ्यावरून काही सिद्ध होत नाही.

अण्णांनी त्या मुलाला बोलावून आपली चूक कबूल केली.